साठ दिवस आणि सहा लाख

नोकरी बदलायची म्हटली की पहिला फोन बहुधा कन्सल्टन्सीतून येतो, आणि त्या फोनवर तुमच्या कामाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पीरियड किती दिवसांचा, पुण्याला यायची तयारी आहे का, एवढंच विचारतात. चार-पाच मिनिटांत फोन संपतो. या प्रश्नांना मोघम उत्तरं दिली की पुढे काय होतं ते मी एकदा सोसलं आहे, आणि नंतर भरतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ते कसं घडतं तेही पाहिलं आहे. निफाड, पिंपळगाव, ओझर, लासलगावकडची बरीच मुलं-मुली आता पॅकहाउस, वायनरी आणि एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीनंतर पुण्या-मुंबईकडे बघू लागली आहेत. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीत होते. मण्याचा व्यास, ब्रिक्स, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड नीट बसला का, प्रीकूलिंगमधून माल बाहेर काढताना मण्याच्या आतलं तापमान किती, ही रोजची तपासणी माझ्याकडे होती. त्याशिवाय अपेडाच्या ग्रेपनेटवरच्या नोंदी पेटीपासून थेट बागेपर्यंत जुळल्या पाहिजेत, हेही बघायचं. आमच्याकडे जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हंगाम असतो. त्या काळात रजा मागायची पद्धतच नाही, कारण एक कंटेनर चुकला तर तो परत मिळत नाही.

पुण्याच्या कन्सल्टन्सीचा फोन नेमका जानेवारीत आला. चाकणच्या बाजूच्या एका फळप्रक्रिया कारखान्यासाठी माणूस हवा होता. पॅकिंगच्या पट्ट्याचा आवाज चालू असतानाच मी उत्तरं दिली. सध्याचा पगार विचारला तेव्हा म्हणाले, "चार ऐंशीच्या आसपास." अपेक्षा विचारल्यावर म्हणाले, "सहा मिळाले तर बरं, बाकी तुमच्या कंपनीच्या पद्धतीप्रमाणे." आणि नोटीसबद्दल, "दोन महिन्यांची आहे, पण बोलून बघते, लवकरही होऊ शकेल." पलीकडची मुलगी नम्र होती. "ठीक आहे मॅडम, प्रोफाइल पुढे पाठवते," म्हणून तिने फोन ठेवला.

मुलाखती चांगल्या झाल्या. फेब्रुवारीत ऑफर आली, सहा लाखांची. घरी आईने लगेच सहाला बाराने भागलं आणि पन्नास हजार हा आकडा पक्का केला. माझ्याही मनात तोच होता. पत्राच्या शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता उघडला तेव्हा चित्र वेगळं निघालं.

तो हिशोब इथे सविस्तर मांडते, कारण अपेक्षा सांगण्याच्या प्रश्नाचं सगळं मर्म त्यात आहे. आधी जुनी नोकरी. माझं मूळ वेतन महिना २०,००० रुपये, घरभाडे भत्ता ८,००० आणि विशेष भत्ता ६,०००, म्हणजे पगारपत्रकावर एकूण ३४,०००. त्यावर कंपनी स्वतःच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी मूळ वेतनाच्या १२ टक्के भरायची, तो २,४००. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के म्हणजे ९६२ रुपये दरमहा दाखवायची. हे सगळं मिळून महिन्याला ३७,३६२ आणि वर्षाला ४,४८,३४४ रुपये होतात. हंगाम संपल्यावर मिळणारे साधारण ३०,००० त्यात मिळवले की झाले चार ऐंशीच्या आसपास. पण माझ्या खात्यात दरमहा काय जमा व्हायचं? ३४,००० मधून माझ्या वाट्याचा २,४०० रुपयांचा पीएफ आणि २०० रुपयांचा व्यवसाय कर जाऊन ३१,४०० रुपये.

आता नवी ऑफर. सहा लाखांपैकी ६०,००० रुपये व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कामाचं मूल्यमापन आणि कंपनीचा नफा बघून मिळणार, तेही पूर्ण मिळतील असं नाही. उरले ५,४०,०००, म्हणजे महिना ४५,०००. त्यात मूळ वेतन २२,५००. त्यावर कंपनीचा पीएफ २,७०० रुपये, ग्रॅच्युइटी १,०८२ रुपये आणि आरोग्य विम्याचा हप्ता ५०० रुपये. हे तिन्ही सीटीसीत धरलेले. ते वजा करून पगारपत्रकावर ४०,७१८ रुपये येणार, आणि माझा पीएफ व व्यवसाय कर कापून हातात ३७,८१८. ज्या पगाराला आम्ही घरात पन्नास हजार म्हणत होतो, तो अडतीससुद्धा नव्हता. हातातली वाढ होती सुमारे ६,४०० रुपयांची, आणि निफाडला घरी राहणारी मी चाकणला पीजीत राहायला गेले असते तर जेवणासह नऊ हजार तरी त्यातच गेले असते. पगार वाढूनही महिन्याला हातात कमीच उरलं असतं.

मी त्या कंपनीच्या एचआरला फोन केला. त्यांचं उत्तर सरळ होतं. तुमची अपेक्षा सहा होती, आम्ही सहाच दिले आहेत. आणि त्यांच्या बाजूने ते खरंही होतं. माझ्या बोलण्यातलं "मिळाले तर बरं" आणि "आसपास" त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. फक्त सहा पोहोचले होते.

तरीही कारखाना मोठा होता, पुढे वाव होता, म्हणून मी ती ऑफर स्वीकारली आणि राजीनामा दिला. तिथे दुसरी अडचण उभी राहिली. ऑफर लेटरात रुजू होण्याची तारीख ३० दिवसांनंतरची होती. माझ्या नेमणूकपत्रात नोटीस ६० दिवसांची होती, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याची मुभा "व्यवस्थापनाच्या संमतीने" अशा शब्दांत दिलेली होती. हंगामाच्या मध्यात ती संमती मिळणं शक्यच नव्हतं. आमच्या प्लँटच्या साहेबांनी समजुतीने सांगितलं, "ताई, युरोपचा माल संपू दे, मग एक दिवस अडवणार नाही." नव्या कंपनीला एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबायचं नव्हतं. त्यांच्या कागदावर तीस दिवस लिहिलेले होते आणि त्यांनी त्यानुसार लाइन सुरू करायची तारीख ठरवली होती. ऑफर मागे घेतली गेली. राजीनामा मागे घ्यायला जुन्या साहेबांनी हरकत घेतली नाही म्हणून महिन्याचा पगार तरी चालू राहिला.

पुढे सिन्नरच्या बाजूला दुसऱ्या कंपनीत क्वालिटीचं पथक उभं करायचं काम माझ्याकडे आलं. भरतीच्या वेळी मला एचआरच्या शेजारी बसावं लागलं, आणि तेव्हा कन्सल्टन्सीतून येणारी ती एक्सेल शीट मी पहिल्यांदा पाहिली. एका ओळीत एक उमेदवार. नाव, शिक्षण, एकूण अनुभव, मग सीसीटीसी, ईसीटीसी, एनपी, सध्याचं गाव आणि शेवटी शेरा. सीसीटीसी म्हणजे सध्याचा, ईसीटीसी म्हणजे अपेक्षित आणि एनपी म्हणजे नोटीस पीरियड. पहिली चाळणी या तीन रकान्यांवर लागते. बजेट सहा असेल तर ईसीटीसीत साडेसात असलेली ओळ कुणी उघडतही नाही, आणि महिन्याभरात माणूस हवा असेल तर एनपीत ९० दिसताच पुढच्या ओळीकडे नजर जाते. त्या रकान्यात एकच आकडा मावतो. उमेदवार फोनवर जे काही लांबलचक बोलला असेल त्यातून तो आकडा दुसरं कुणीतरी घाईत निवडतं, आणि दिवसभरात असे कितीतरी फोन करून थकलेला माणूस सगळ्यात सोयीचा आकडा निवडतो. "दोन महिने, पण लवकर होऊ शकेल" याचे ३० होतात. "साडेपाच ते साडेसहा" याचे साडेपाच होतात. "कंपनीच्या पद्धतीप्रमाणे" याचा अर्थ सध्याच्या पगारावर नेहमीची टक्केवारी मिळवा, असा घेतला जातो.

यात कन्सल्टन्सीच्या माणसाचा दुष्टपणा नसतो. त्यांची फी पुष्कळदा उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि ती उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. तुमचा पगार वाढला तर त्यांचंही भलंच होतं, पण त्याहून जास्त त्यांना जागा भरली जाण्याची निकड असते. म्हणून जो आकडा जागा भरायला मदत करेल तो रकान्यात जातो. हे समजलं की राग जातो आणि काय करायचं तेही कळतं. रकान्यात काय लिहायचं ते तुम्हीच लिहून द्यायचं. फोनवर नम्रपणे बोलायचं आणि "सविस्तर दोन ओळी आत्ता पाठवते" म्हणून त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर ते लेखी पाठवायचं. लेखी आलेलं वाक्य कन्सल्टंट जसंच्या तसं शीटमध्ये चिकटवतो, कारण त्यात त्याचे श्रम वाचतात.

आता त्या ओळींत काय असावं. पगाराच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. आकडा फिक्स्डचा आहे की व्हेरिएबल धरून, आणि त्यातून हातात किती यायला हवेत. हा आकडा काढायचा तर हिशोब शेवटाकडून सुरू करायचा. मला चाकणला राहून घरी आधीइतकेच पैसे द्यायचे असतील, थोडे स्वतःसाठी उरायचे असतील, तर हातात महिना ४५,००० हवेत असं समजा. वरच्यासारखी पगाराची रचना असेल, म्हणजे मूळ वेतन फिक्स्डच्या निम्मं, पीएफ पूर्ण मूळ वेतनावर आणि कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी व विम्याचा हप्ता सीटीसीत धरलेले, तर हातात येणारी रक्कम फिक्स्डच्या साधारण ८४ टक्के असते. म्हणून ४५,००० ला ०.८४ ने भागायचं. उत्तर येतं ५३,५७१, आणि त्याला बाराने गुणलं की सुमारे ६ लाख ४० हजार. हा माझा फिक्स्ड. फोनवर मी सांगितलेले सहा आणि मला खरोखर हवे असलेले सहा चाळीस यांत दिसायला चाळीस हजारांचं अंतर आहे, पण मिळालेल्या सहांत फिक्स्ड फक्त पाच चाळीस होते. खरं अंतर वर्षाला एक लाखाचं होतं.

ही ८४ टक्क्यांची गोष्ट सगळीकडे लागू पडत नाही. काही कंपन्या पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच, म्हणजे महिना १,८०० रुपये कापतात, तिथे हातात थोडं जास्त येतं. आयकराचा विचार करायचा तर २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत नोकरदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत करसवलत आहे. त्यामुळे या पातळीच्या पगारावर कर पडत नाही. त्याहून मोठा पगार असेल तर कर धरावा लागतो. म्हणून स्वतःची पगाराची स्लिप समोर घेऊन एकदा हा भागाकार करावा. स्लिपवर कंपनीचा पीएफ बहुतेक दिसत नाही, तो नेमणूकपत्रासोबतच्या तक्त्यात असतो. तो तक्ता कुणी जपून ठेवत नाही आणि मग सीटीसी विचारला की अंदाजाने बोलतात.

अपेक्षा टप्प्यात सांगायची की एका आकड्यात, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं मत असं आहे की एकच आकडा सांगावा, तोही फिक्स्डचा. टप्पा सांगायचाच असेल तर खालचं टोक असं ठेवावं की ते मिळालं तरी तुम्ही आनंदाने जाल, कारण मिळणार बहुधा तेच. आणि आकड्याच्या आधी एक प्रश्न जरूर विचारावा, या जागेसाठी बजेट काय धरलं आहे? बरेच कन्सल्टंट सांगून टाकतात, निदान "साडेसहाच्या पुढे नाही" एवढं तरी कळतं. कॅलिफोर्नियात २०१८ पासून जुना पगार विचारायलाच बंदी आहे, आणि २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना जाहिरातीतच पगाराचा टप्पा लिहावा लागतो. आपल्याकडे असा नियम नाही. उलट, ऑफरच्या आधी शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागतात. म्हणून सध्याचा पगार वाढवून सांगण्यात काहीच हाशील नाही. स्लिप, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफच्या पासबुकातली दरमहाची रक्कम यांतून खरा आकडा निघतोच, आणि मग ऑफर हातात येऊनही परत जाते. अपेक्षा मात्र सध्याच्या पगारावर ठरवण्याचं बंधन नाही. जागा बदलताना घर, जेवण, जाणं-येणं यांचा खर्च वाढतो हे कारण एका ओळीत सांगितलं तर ऐकलं जातं.

नोटीसच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात आणि तिथेच गफलत होते. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. नेमणूकपत्रात किती दिवस लिहिले आहेत ही पहिली. कायम झाल्यावर हे दिवस बदलतात, परिवीक्षेत १५ किंवा ३० असलेले पुढे ६० किंवा ९० होतात, म्हणून कायम झाल्याचं पत्रही बघावं लागतं. दुसरी गोष्ट, त्यातले किती दिवस कमी होऊ शकतात आणि कुणाच्या मर्जीने. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का, पैसे भरून सुटता येतं का, आणि भरायचे तर मूळ वेतनावर की पूर्ण पगारावर? माझ्या बाबतीत ३० दिवसांसाठी मूळ वेतनावर २०,००० आणि पूर्ण पगारावर ३४,००० पडले असते. पण मुळात ती मुभा माझ्या हातात नव्हती, कंपनीच्या हातात होती. पत्रात "कर्मचारी पैसे भरून सुटू शकेल" असं आहे की "व्यवस्थापनाच्या संमतीने" असं आहे, ते फोन घेण्याआधीच वाचलेलं असावं. नोटीस कमी करून घेईन, असं साहेबांशी बोलण्याआधी कधीही सांगू नये.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. हे दिवस फोनच्या तारखेपासून मोजायचे नसतात. राजीनामा लेखी ऑफर हातात पडल्यावरच द्यायचा, म्हणजे मोजणी तेव्हापासून सुरू होते. फोन १० जानेवारीला आला, ऑफर ५ फेब्रुवारीला मिळाली, राजीनामा ६ तारखेला दिला, तर ६० दिवस पूर्ण होतात ७ एप्रिलला. फोनवर "दोन महिने" ऐकणाऱ्याच्या मनात मार्चचा दुसरा आठवडा असतो. म्हणून "ऑफर लेटर मिळाल्यापासून ६० दिवस" असं म्हणावं, आणि जमल्यास एक तारीखही द्यावी. नोकरीच्या संकेतस्थळांवर नोटीस पीरियडच्या यादीत पंधरा दिवस, एक महिना, दोन महिने असेच ठरलेले पर्याय असतात. तिथे खरा तोच पर्याय निवडावा. "सर्व्हिंग नोटीस पीरियड" हा पर्याय राजीनामा दिलेला असेल तरच निवडायचा, कारण तो बघणारा लगेच शेवटच्या दिवसाची तारीख आणि राजीनाम्याची पोच मागतो.

आपल्या भागात हंगामाचा मुद्दा वेगळा सांगावा लागतो, आणि पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटला तो माहीत नसतो. द्राक्षांच्या पॅकहाउसमधून जानेवारी ते एप्रिलच्या मध्यात कुणी लवकर सोडत नाही. तिकडे वायनरीत द्राक्षं येतात तेही हेच महिने. पण एप्रिलमध्ये बागेत खरड छाटणी सुरू झाली की पॅकहाउस शांत होतं, आणि पावसाळ्यात तर साहेब स्वतःच रजा वळती करून देतात. म्हणजे त्याच माणसाचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. जुलैत फोन आला तर साहेबांशी बोलून, ऑफरपासून ४० दिवसांत येईन असं प्रामाणिकपणे म्हणता येईल, जानेवारीत नाही. हे कारण एका ओळीत लिहिलं की समोरचा ते समजून घेतो. कधी कधी तर "एप्रिलनंतर बघू" म्हणून नाव राखूनही ठेवतो, कारण ते टाळाटाळीचं वाटत नाही.

दुसऱ्यांदा सिन्नरच्या जागेसाठी फोन आला तेव्हा मी पाठवलेला मजकूर असा होता. थोडे शब्द बदलले आहेत, आकडे वरच्या हिशोबाशी जुळतील असे ठेवले आहेत.

"नमस्कार मॅडम, आपल्या बोलण्याप्रमाणे माहिती देते.
सध्याचा पगार: फिक्स्ड ४.४८ लाख, हंगामी प्रोत्साहन साधारण ०.३० लाख, एकूण ४.७८ लाख. दरमहा हातात ३१,४००.
अपेक्षा: फिक्स्ड ६.४० लाख, व्हेरिएबल असल्यास त्याशिवाय. निफाडहून राहायला जावं लागेल हे त्यात धरलं आहे.
नोटीस: नेमणूकपत्राप्रमाणे ६० दिवस, ऑफर लेटर मिळाल्यापासून. पैसे भरून लवकर सुटणं कंपनीच्या संमतीवर आहे, त्यामुळे ते धरू नये. हंगामामुळे १५ एप्रिलच्या आधी येणं कठीण आहे.
पगाराच्या स्लिपा मागितल्यास लगेच पाठवते."

एवढंच. इंग्रजीत पाठवायचा असेल तरी क्रम हाच ठेवावा आणि प्रत्येक ओळीत एकच उत्तर असावं. यात घरची परिस्थिती, सध्याच्या साहेबांबद्दलची तक्रार, दुसरीकडे चालू असलेल्या मुलाखती यांतलं काहीच नको. ते सगळं मुलाखतीत विचारलं तर बोलायचं.

एमआयडीसीत कंत्राटदाराच्या रोलवर काम करणाऱ्यांना मात्र एक ओळ वाढवावी लागते. काम एका कंपनीच्या आवारात आणि पगार दुसऱ्याच एजन्सीकडून, अशी सातपूर, अंबड, मुसळगावला कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या बायोडाटावर मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि पीएफच्या पासबुकात एजन्सीचं. ही तफावत पडताळणीत निघाली की खोटेपणा समजला जातो, जो नसतो. पहिल्याच संदेशात "काम अमुक कंपनीत, नेमणूक अमुक एजन्सीमार्फत" असं लिहावं, आणि नोटीसचे दिवस एजन्सीच्या पत्रातले सांगावेत, कारण सोडल्याचं पत्र एजन्सीच देणार असते. अशा पत्रात काही वेळा नोटीसचा उल्लेखच नसतो. तसं असेल तर एजन्सीच्या सुपरवायझरकडून ईमेलवर दिवस लिहून घ्यावेत.

नवीन पदवीधरांचा सध्याचा पगार नसतो, तरी अपेक्षा विचारतात. तिथे "कितीही चालेल" म्हणणं सगळ्यात महाग पडतं. ज्या कारखान्यात जायचं आहे तिथे गेल्या वर्षी लागलेल्या सीनियरला विचारावं, हातात किती येतात. सीटीसी विचारू नये, तो त्यालाही नीट ठाऊक नसतो. मिळालेल्या आकड्यावरून मागचाच भागाकार करावा आणि फिक्स्ड सांगावा.

पाठवलेल्या ओळींनंतर पगारावर बोलणं होतंच. समजा कन्सल्टंट म्हणाला, "मॅडम, सहा चाळीस बसत नाही, सहा दहा फिक्स्ड करतो म्हणतायत." लगेच हो किंवा नाही म्हणू नये. ६,१०,००० ला बाराने भागून ८४ टक्के काढले की हातात सुमारे ४२,७०० येतात, म्हणजे हव्या असलेल्या ४५,००० पेक्षा २,३०० कमी. आता प्रश्न सोपा झाला. राहण्याची सोय कंपनीची आहे का, निफाड फाट्यावरून बस आहे का, सहा महिन्यांनी पगाराचा आढावा लेखी मिळेल का? यातली एखादी गोष्ट ऑफर लेटरात येत असेल तर सहा दहा चालतील, नसेल तर चालणार नाहीत. आणि ऑफरला उशीर होत गेला तर रुजू होण्याची तारीखही तितकीच पुढे सरकते, हे कन्सल्टंट आपणहून कुणाला कळवत नाही. माझ्या दुसऱ्या वेळी ऑफर ठरल्यापेक्षा उशिरा आली. ज्या दिवशी ती आली त्याच संध्याकाळी मी कळवलं, "ऑफर आज मिळाली, त्यामुळे ६० दिवस आजपासून. पत्रातली तारीख बदलून द्यावी." दुसऱ्या दिवशी नव्या तारखेचं पत्र आलं आणि मग मी राजीनामा टाइप करायला बसले.